मशीनचं आयुष्य वाढलं, म्हणून मागचा घसारा परत आणता येतो का?

खतावणी

मंडळी, चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. कंपनी लहानच आहे, पण मालक कंपनी लिस्टेड असल्यामुळे आम्हालाही इंड एएस लागू आहे. २०२४-२५ चे हिशेब बंद करतोय आणि एकाच वर्षी तीन भानगडी समोर आल्यात.

पहिली. १ एप्रिल २०२० ला १ कोटीचं सीएनसी मशिनिंग सेंटर घेतलं. आयुष्य १० वर्षं धरलं, भंगाराची किंमत शून्य, दरवर्षी १० लाख घसारा. आता मेंटेनन्सवाले म्हणतात की मेकर सुटे भाग आणि कंट्रोलरचा सपोर्ट मार्च २०३२ पर्यंत देणार आहे, म्हणजे एकूण १२ वर्षं आरामात. एमडी साहेबांचं गणित असं: १२ वर्षांनी भागलं असतं तर चार वर्षांत ३३.३३ लाख घसारा झाला असता, आपण ४० लावला, तर जास्तीचे ६.६७ लाख यंदा नफ्यात घ्या.

दुसरी. पावडर कोटिंग लाईनचा पाया आणि उभारणी, १८ लाख. २०२२-२३ मध्ये कुणीतरी ते दुरुस्ती खर्चात टाकलं. माझ्या आधीच्या माणसाने. आता सापडलं.

तिसरी. मालक कंपनी स्टॉक वेटेड अॅव्हरेजने धरते, आम्ही फिफोने. वरून निरोप आला की तुम्हीही बदला.

एमडींचं म्हणणं, तिन्ही "मागचे फरक" म्हणून एका ओळीत दाखवून मोकळे व्हा. माझं मन घेत नाहीये. काय करू?

जुना_मुनीम

एमडी साहेब अगदीच चुकीचं बोलत नाहीत. आम्ही असंच केलंय की. घसाऱ्यात बदल केला की मशीन घेतल्या दिवसापासून नवा हिशेब मांडायचा आणि निघालेला फरक त्याच वर्षाच्या नफा-तोट्यात घ्यायचा. पस्तीस वर्षं या धंद्यात आहे, कुणा ऑडिटरने हरकत घेतली नाही.

तळटीप

मुनीमजी, तुम्ही म्हणता ते होतं, पण ते घसाऱ्याची *पद्धत* बदलली तर. डब्ल्यूडीव्ही सोडून स्ट्रेट लाईनला गेलात की जुन्या एएस ६ प्रमाणे मागपासून गणित करून फरक त्या वर्षात घ्यायचा, कारण तेव्हा तो पॉलिसीतला बदल समजत. आयुष्य बदललं तर तेव्हाही उरलेली रक्कम उरलेल्या वर्षांवरच पसरायची. आणि २०१६ मध्ये सुधारित एएस १० आल्यावर पद्धतीचा बदलही अंदाजातला बदल झाला. इंड एएसमध्ये तो पहिल्यापासून तसाच आहे. म्हणजे मागे जाऊन फरक आणण्याचा तो दरवाजा आता दोन्हीकडे बंद आहे.

खतावणी, पहिल्या मुद्द्याचं गणित सोपं आहे. ३१ मार्च २०२४ ला मशीन पुस्तकात ६० लाखांना उभं आहे. १२ वर्षांपैकी ८ उरली. ६० भागिले ८, म्हणजे यंदापासून साडेसात लाख. यंदाचा नफा अडीच लाखांनी वाढेल, ६.६७ ने नाही. पुढची पाच वर्षंही दरवर्षी अडीचच वाढेल. मग २०३०-३१ आणि २०३१-३२ मध्ये, जिथे जुन्या हिशेबाने घसारा शून्य असता, तिथे साडेसात-साडेसात लागेल. सहा वर्षांत वाचलेले १५ लाख शेवटच्या दोन वर्षांत परत जातात. हे एमडींना कागदावर काढून दाखवा. फुकटचा नफा कुठेच नाही हे दिसलं की त्यांचा उत्साह आपोआप ओसरेल.

दाखवायचं कुठे? मागच्या वर्षाच्या आकड्यांना हात नाही. ताळेबंदात वेगळी ओळ नाही. घसाऱ्याच्या नोटमध्ये दोन-तीन वाक्यं: आयुष्य १० वरून १२ केलं, कारण हे, यंदाचा घसारा २.५ लाखांनी कमी, पुढच्या वर्षांवर परिणाम असा.

पाऊणशहाणा

पण कंपनी कायद्याच्या शेड्यूल दोनमध्ये सर्वसाधारण यंत्राला १५ वर्षं दिलीत ना? मग आधीचे १० च चूक होते! चूक असेल तर मागे जाता येतं. एमडी जिंकले. 😀

तळटीप

शेड्यूलपेक्षा वेगळं आयुष्य धरता येतं. तांत्रिक कारण हवं आणि ते हिशेबात लिहून उघड करावं लागतं. त्यांनी २०२० ला कशाच्या आधारावर १० धरली हे मात्र विचारण्यासारखं आहे. खतावणी, फाईलमध्ये काही आहे का?

खतावणी

आहे. मेकरचं २०२० चं पत्र आहे, "सुटे भाग १० वर्षं मिळतील". त्यावर तेव्हाच्या प्लांट हेडची सही. हिशेबातही दरवर्षी तसा उल्लेख आहे.

तळटीप

मग १० चूक नव्हते. तेव्हा हातात असलेल्या माहितीवर तो नीट केलेला अंदाज होता. नंतर मेकरने मुदत वाढवली, ही नवी माहिती. अंदाज पुढे खोटा ठरला म्हणून तो चूक होत नाही, नाहीतर हवामान खात्याला रोज मागचे ताळेबंद बदलावे लागतील. चूक कशाला म्हणायचं? हिशेब मंजूर झाले तेव्हा माहिती मिळण्यासारखी होती आणि ती वापरली नाही किंवा वाकडी वापरली, तर. तुमचे ते १८ लाख बघा. बिलावर "फाउंडेशन आणि इरेक्शन" लिहिलेलं असणार आणि ते दुरुस्तीत गेलं. त्या दिवशी बिल समोर होतं. ती चूक.

सोसायटीवाला

विषय निघालाच आहे तर विचारतो. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. दोन वर्षांपूर्वीचं लिफ्टच्या एएमसीचं ४२,००० चं बिल आधीच्या कमिटीच्या कपाटात सापडलं. वॉचमनच्या एजन्सीनेही पगारवाढ मागच्या वर्षापासून लागू धरून ६०,००० चा फरक मागितलाय, करार गेल्या महिन्यात झाला. दोन्ही मागच्या वर्षाचेच. सभेत एक काका ओरडतायत की जुने ताळेबंद बदला.

मेघनाताई

काकांना चहा द्या. तुम्हाला इंड एएस लागू नाही, जुने आकडे बदलायचा प्रश्नच येत नाही. पण ती दोन बिलं एका माळेतली नाहीत. लिफ्टचं बिल कपाटात पडून होतं, नोंदवायचं राहून गेलं. ती वगळणूक, म्हणून यंदाच्या उत्पन्न-खर्चात "मागील वर्षांच्या बाबी" अशी वेगळी ओळ करून दाखवा, म्हणजे यंदाच्या कमिटीवर उधळपट्टीचा आळ यायचा नाही. एजन्सीचा फरक मात्र मागच्या काळाचा असला तरी *ठरला* यंदा. एएस ५ मध्ये मागील तारखेपासून झालेल्या वेतनवाढीच्या थकबाकीचं नाव घेऊन सांगितलंय की ती मागील बाब नव्हे. ती यंदाचाच खर्च. मोठी रक्कम असेल तर हवं तर स्वतंत्र दाखवा.

मी स्वतः इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कंपनीचे हिशेब करते. प्रायव्हेट लिमिटेड, एएस ५ वाली. आमच्याकडे १८ लाखांची अशी चूक सापडली असती तर यंदाच्या नफा-तोट्यातच वेगळ्या ओळीत घेतली असती. सुटसुटीत. खतावणीला त्यापेक्षा बरंच काम आहे.

खतावणी

म्हणजे मी १८ लाख यंदाच्या नफ्यात जमा करायचे नाहीत?

तळटीप

नाही. ते यंदाचं उत्पन्न नाहीच. इंड एएस ८ म्हणतं, ती चूक कधी झालीच नव्हती असं समजून आकडे मांडा. हळूहळू जाऊ. लाईन कधी सुरू झाली, आणि आयुष्य किती?

खतावणी

१ एप्रिल २०२२ ला सुरू, आयुष्य ९ वर्षं. तेव्हा २ लाख घसारा दरवर्षी.

तळटीप

छान, पूर्णांक आले. आत्ता कर बाजूला ठेवतो.

२०२२-२३ मध्ये खर्च १८ जास्त लागला आणि घसारा २ लागायचा राहिला. त्या वर्षाचा नफा १६ लाखांनी कमी दिसला. हे वर्ष तुमच्या ताळेबंदात तुलनेलाही नाही, म्हणून ते १६ लाख थेट १ एप्रिल २०२३ च्या सुरुवातीच्या रिटेन्ड अर्निंग्जमध्ये वाढतात.

२०२३-२४ हे तुलनेचं वर्ष. त्यात २ लाख घसारा वाढतो, नफा २ ने घटतो. त्या कॉलमच्या डोक्यावर "रिस्टेटेड" लिहा, ईपीएसही नवा काढा.

२०२४-२५ मध्ये फक्त नेहमीचा २ लाख घसारा. बाकी काही नाही.

आता तिसरा ताळेबंद. १ एप्रिल २०२३ च्या आकड्यांवरचा परिणाम मोठा असेल तर त्या तारखेचा ताळेबंदही तिसरा कॉलम म्हणून छापावा लागतो. तुमचा वर्षाचा नफा किती असतो?

खतावणी

९० लाखांच्या आसपास. म्हणजे लागेलच. पण अडकलो ते दुसरीकडे. सॉफ्टवेअरमध्ये मागची दोन्ही वर्षं लॉक आहेत, एडिट लॉग चालू आहे. म्हणून १ एप्रिल २०२४ ला जर्नल टाकायला बसलो, तर १६ घेऊन मालमत्तेचा आकडा जुळेना.

तळटीप

कारण तुमचं जर्नल १६ चं नाहीच, १४ चं आहे. ही गफलत बऱ्याच जणांची होते. पुस्तकात नोंद १ एप्रिल २०२४ ला पडते, तोवर दोन वर्षांचा घसारा होऊन गेलेला असतो: मालमत्ता १८ नावे, एकत्रित घसारा ४ जमा, रिटेन्ड अर्निंग्ज १४ जमा. छापलेल्या हिशेबात मात्र तेच १४ दोन तुकड्यांत दिसतात, १ एप्रिल २०२३ ला अधिक १६ आणि २०२३-२४ च्या नफ्यात उणे २. इक्विटीतल्या बदलांच्या पत्रकात "मागील काळातील चुकांमुळे बदल" आणि "रिस्टेटेड सुरुवातीची शिल्लक" असे रकाने आहेतच. तिथे ही जोडणी नीट दिसली पाहिजे. पुस्तक १४ म्हणतं आणि पत्रक १६ म्हणतं, दोघंही खरं बोलतात.

आणि जुने सही झालेले ताळेबंद तसेच राहतात हं. तुम्ही बदलताय तो यंदाच्या कागदावरचा तुलनेचा कॉलम. जुने हिशेबच बदलायचे तर कंपनी कायद्याच्या कलम १३१ खाली ट्रायब्युनलची परवानगी लागते, ती वेगळीच यात्रा.

जुना_मुनीम

आणि आयकराचं काय? १८ लाख दुरुस्ती म्हणून त्या वर्षी रिटर्नमध्ये वजावट घेतलेली असणार. पुस्तकात म्हणायचं भांडवली खर्च आणि खात्याला म्हणायचं दुरुस्ती? तळटीप, हे तुम्ही "कर बाजूला ठेवतो" म्हणून बाजूला ठेवलंत, पण एमडी पहिला हाच प्रश्न विचारतील.

तळटीप

बरोबर पकडलंत. रिटर्नमधला दावा टिकणार असेल तर पुस्तकात १६ लाखांची मालमत्ता आणि करासाठी शून्य, म्हणून २५ टक्के धरले तर १ एप्रिल २०२३ ला ४ लाख डिफर्ड टॅक्सचं देणं उभं राहील आणि रिटेन्ड अर्निंग्जमध्ये १६ ऐवजी १२ जातील. पण पाया आणि उभारणी करासाठीही भांडवलीच, म्हणजे तो दावा टिकेल का याची मला शंका आहे. टिकणार नसेल तर ते डिफर्ड नाही, चालू कराचं देणं, वर व्याज. हे त्यांच्या टॅक्सवाल्याने ठरवल्याशिवाय इथे बसून आकडा सांगणार नाही.

मेघनाताई

तिसऱ्या भानगडीवर कुणी बोलतच नाहीये.

खतावणी

तेच विचारणार होतो. फिफोने ३१ मार्च २०२३ चा स्टॉक १८० लाख, वेटेड अॅव्हरेजने १७५. ३१ मार्च २०२४ ला २१० आणि २०२. दोन्ही काढून ठेवलेत. रात्री दोनपर्यंत बसून.

मेघनाताई

शाब्बास, निम्मं काम झालं. स्टॉक मोजण्याचं सूत्र बदललं की तो पॉलिसीचा बदल. इथे कुणाची चूक नाही आणि नवी माहितीही नाही, एकाच वस्तूकडे बघायचा चष्मा बदलला. तुमच्या नियमात हाही मागपासून. १ एप्रिल २०२३ च्या रिटेन्ड अर्निंग्जमधून ५ वजा. २०२३-२४ मध्ये सुरुवातीचा स्टॉक ५ ने कमी आणि शेवटचा ८ ने कमी, म्हणून त्या वर्षाचा नफा ३ ने कमी.

आता एमडींच्या एका ओळीबद्दल. १ एप्रिल २०२३ ला चुकीमुळे १६ वर आणि पॉलिसीमुळे ५ खाली. तिसऱ्या कॉलममध्ये बेरीज ११ च दिसेल. पण नोटमध्ये ११ लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळणारच नाही की १६ लाखांची चूक झाली होती, वाटेल की पॉलिसी बदलली म्हणून काहीतरी झालं. चुकीची नोट वेगळी: काय चुकलं, कोणत्या ओळीत किती. पॉलिसीची वेगळी: का बदलली, किती फरक. आणि पॉलिसीत *यंदाचा* परिणामही सांगावा लागतो, म्हणजे ३१ मार्च २०२५ चा स्टॉक फिफोने शेवटचा एकदा काढावाच लागेल. अजून एक रात्र.

दुबईकर_मालवणी

इथे आयएएस ८ मध्येही तसंच. पण मला एक खटकतं. पॉलिसी आपणहून बदलायची तर नव्या पद्धतीने माहिती जास्त उपयुक्त आणि तितकीच विश्वासार्ह होते असं दाखवावं लागतं. "मालक कंपनीने सांगितलं" हे कारण कसं चालेल? ग्रूपच्या एकत्रित हिशेबासाठी त्यांना फरक हवा असेल तर तो एकत्रीकरणात घालता येतो, तुमचे स्वतंत्र हिशेब का बदलायचे?

मेघनाताई

ग्रूपशी तुलना करता येणं हा वाचणाऱ्याच्या दृष्टीने फायदाच ना? शिवाय यांच्या मालाचे लॉट एकमेकांत मिसळत असतील, तर आधी आलेला माल आधी गेला असं मानण्यापेक्षा सरासरी किंमत वस्तुस्थितीच्या जवळची. तसं असेल तर तेच कारण लिहावं.

दुबईकर_मालवणी

*असेल तर.* बार स्टॉक असेल तर मिसळणार, हीट नंबरने, म्हणजे कुठल्या वितळणीतला माल ते बघून वेगळा ठेवत असतील तर नाही. मला पटलेलं नाही.

खतावणी

हीट नंबर लावतो, पण इश्यू करताना कोण बघतो... स्टोअरवाल्याला विचारतो.

(दोन दिवसांनी)

मंडळी, नवीनच निघालं. मशीनच्या आयुष्यासाठी ऑडिटरने मेकरचं सर्क्युलर मागितलं. मेंटेनन्सने पाठवलं. त्यावर तारीख नोव्हेंबर २०२३! त्यांच्या मेलमध्ये तेव्हाच आलं होतं. आमच्यापर्यंत जून २०२४ मध्ये पोचलं. आणि २०२३-२४ चे हिशेब बोर्डाने मे २०२४ मध्ये मंजूर केले. "आयुष्याचा आढावा घेतला, बदल नाही" असं मिनिट्समध्ये एका ओळीत आहे.

आता हा अंदाजातला बदल की मागच्या वर्षीची चूक?

पाऊणशहाणा

सांगितलं होतं ना, एमडी जिंकणार!

तळटीप

एमडींचे ६.६७ लाख कुठल्याच वाटेने येत नाहीत. नोव्हेंबर २०२३ च्या आधीच्या घसाऱ्यात काहीच चूक नाही. पण त्यानंतरच्या चार महिन्यांचा प्रश्न खरा आहे. माहिती कंपनीच्या दारात आली होती. दार मेंटेनन्सचं होतं की अकाउंट्सचं, याने नियमाला फरक पडत नाही. आणि आयुष्याचा आढावा दर वर्षअखेरीस घ्यायचाच असतो, तेव्हा मेंटेनन्सला एक फोन करणं अपेक्षितच होतं. मला ही चूक वाटते.

किती रुपयांची ते बघू. ३० नोव्हेंबर २०२३ पर्यंत ४४ महिने झाले, मशीन ६३.३३ लाखांना उभं. मार्च २०३२ पर्यंत बरोबर १०० महिने उरले, महिना ६३,३३३. लावला ८३,३३३. महिन्याला २०,००० जास्त, चार महिन्यांचे ८०,०००.

मेघनाताई

९० लाखांच्या नफ्यावर ८०,०००? सोडून द्या. यंदापासून पुढे साडेसात लाख आणि विषय संपला.

तळटीप

एवढंच असतं तर मीही सोडलं असतं. पण त्याच वर्षाच्या तुलनेचा कॉलम १८ लाखांच्या चुकीसाठी तुम्ही उघडताच आहात. उघडलेल्या कॉलममध्ये माहीत असलेली दुसरी चूक तशीच ठेवायची? आणि हेही बघा की ती कुणी मुद्दाम ठेवली होती का. हवा तसा नफा दाखवायला मुद्दाम केलेली असेल तर रक्कम लहान आहे ही सबब चालत नाही. इथे तसं दिसत नाही, उलट नफा कमीच दिसलाय.

मेघनाताई

आणि दुरुस्त केलं तर साडेसातचा आकडाही बदलेल. १ एप्रिल २०२४ ला ६० ऐवजी ६०.८० लाख, आठ वर्षांनी ७.६० लाख. दहा हजारांसाठी सगळी शेड्यूलं परत? ऑडिट फर्ममधल्या पोरांची दया करा हो.

जुना_मुनीम

मला विचाराल तर मेंटेनन्सच्या माणसाचं लेखी घ्या की सर्क्युलर आलं तेव्हा ते पक्कं होतं की नुसती जाहिरात. आमच्याकडे असे कागद पुष्कळ यायचे, "सपोर्ट वाढवण्याचा विचार आहे" वगैरे. जूनमध्ये पक्का करार झाला असेल तर माहिती जूनचीच.

तळटीप

मुनीमजी, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. खतावणी, सर्क्युलरमधलं नेमकं वाक्य काय आहे?

खतावणी

समोर नाहीये, ऑफिसला आहे. एवढं आठवतंय की "सब्जेक्ट टू अॅन्युअल सर्व्हिस काँट्रॅक्ट" असं काहीतरी होतं. आणि तो काँट्रॅक्ट आम्ही कधी केला हे परचेसला विचारायला हवं. गुरुवारी ऑडिटर येतोय, त्याआधी दोन्ही तारखा काढतो.

हो, आणि स्टोअरवाला म्हणाला, हीट नंबर फक्त दोन ग्राहकांच्या मालाला. बाकीचा बार स्टॉक एकाच रॅकवर.

दुबईकर_मालवणी

मग त्या दोन ग्राहकांच्या मालाचं काय करणार?